सोसायटीचा तक्रारींचा मेल: तो कोण उघडतो आणि पुढे काय होते

सर्व सभासद आणि भाडेकरू रहिवाशांसाठी.

1 तारखेपासून सोसायटीकडे तक्रार करायची जागा एकच राहील: मेंटेनन्सच्या बिलावर उजव्या कोपऱ्यात छापलेला मेल आयडी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलेली, लिफ्टमध्ये अध्यक्षांना गाठून सांगितलेली किंवा वॉचमनच्या कानावर घातलेली तक्रार यापुढे नोंदवली जाणार नाही. हे कडक वाटेल, पण मागच्या वर्षी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर झटका देते हे एका रहिवाशाने ग्रुपवर रात्रीच लिहिले होते. सकाळपर्यंत त्यावर बत्तीस सुप्रभात आणि दोन वाढदिवस येऊन बसले. आम्ही तो निरोप वाचला, तेव्हा लिफ्ट बंद पडून चार तास झाले होते.

हा आयडी कोणा पदाधिकाऱ्याचा खाजगी नाही. पूर्वी पत्रव्यवहार सचिवांच्या स्वतःच्या मेलवर चालायचा. एक सचिव घर विकून गेले आणि दोन वर्षांची पत्रे त्यांच्याबरोबर गेली. आता पासवर्ड सोसायटीच्या ऑफिसात पाकीटबंद असतो, खात्याला जोडलेला फोन नंबरही ऑफिसचाच आहे, आणि समिती बदलली की पासवर्ड बदलेल. मेल मॅनेजर, सचिव आणि अध्यक्ष असे तिघे वाचतात. त्यामुळे तक्रार आमच्यापैकी एकाविरुद्ध असली, तरी ती परस्पर दाबता येत नाही.

सोमवार ते शनिवार सकाळी 10 आणि संध्याकाळी 5 वाजता मॅनेजर मेल उघडतात. मधल्या वेळेत तो कोणी पाहत नाही. म्हणून जे थांबू शकत नाही ते मेलवर लिहूच नका. लिफ्टमध्ये कोणी अडकले, मीटर रूममधून जळका वास आला, गॅसचा वास आला, तर आधी गेटवर फोन करा. आग लागली असेल तर 101, इतर संकटात 112. मेल नंतर, नोंदीपुरता.

बाकीच्या प्रत्येक मेलला रजिस्टरमध्ये क्रमांक पडतो आणि तो तुम्हाला उत्तरात कळवला जातो. क्रमांक देतानाच मॅनेजर ठरवतात की हे काम कारागिराचे आहे, समितीचे आहे, की सोसायटीचे नाहीच. जिन्यातला दिवा, पंप, तुंबलेले चेंबर यांसाठी समितीच्या सभेची गरज नसते. कारागिराला त्याच दिवशी चिठ्ठी जाते. पार्किंग, नूतनीकरणाची परवानगी, बिलावरचा वाद समितीपुढे जातात. आदर्श उपविधींप्रमाणे अशा लेखी तक्रारीवर समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन त्यानंतर 15 दिवसांत सभासदाला कळवायचा असतो. रोज एक स्मरणपत्र पाठवून ही सभा अलीकडे येत नाही. तुमच्या घरातला गीझर किंवा रस्त्यावरचा खड्डा आमच्या हातात नाही. तसे आम्ही स्पष्ट कळवू आणि कुठे जायचे तेही सांगू. वीज कंपनीकडची तक्रार असेल तर 1912.

सर्वात जास्त घोळ गळतीच्या तक्रारींचा होतो, कारण गळती या तिन्हींपैकी कुठलीही असू शकते. मागच्या महिन्यातलेच उदाहरण घ्या. मेल आला: "बाथरूममध्ये लीकेज आहे, अनेकदा सांगितले, ताबडतोब कारवाई करा." त्यात फ्लॅट नंबर नव्हता, कुठले बाथरूम ते नव्हते. आम्ही उलट विचारले: पाणी दिवसभर गळते की ठरावीक वेळी? पाऊस पडला की वाढते का? डाग छताला आहे की भिंतीला?

उत्तर आले, आणि ते फार चांगले होते. छताचा डाग कमोडच्या बाजूला. वरच्या घरात साडेसातला अंघोळी सुरू होतात, त्यानंतर अर्ध्या तासाने थेंब सुरू होतात आणि दुपारपर्यंत थांबतात. पावसाने फरक पडत नाही. एवढ्यावर अर्धे निदान झाले. नळाची आतली पाइप फुटली असती तर टाकीचा दाब सतत असल्याने थेंब रात्रीही पडले असते. बाहेरची भिंत किंवा डक्टमधली पावसाची पाइप असती तर पावसात वाढले असते, आणि तो खर्च सोसायटीचा झाला असता. उरली वरची नहाणी किंवा वरची फरशी.

या दोन्हींत मोठा फरक आहे. फरशीखालचे वॉटरप्रूफिंग गेले असेल तर अख्खे बाथरूम फोडावे लागते. नहाणीचा सांधा सुटला असेल तर एका दिवसाचे काम. म्हणून रविवारी वरच्या घरमालकांच्या संमतीने नहाणीचे तोंड बंद केले, फरशीवर दीड इंच पाणी साठवले आणि त्यात खाण्याचा लाल रंग मिसळला. संध्याकाळपर्यंत खाली काही नाही. म्हणजे फरशी धड. मग बोळा काढून पाणी नहाणीतून जाऊ दिले. वीस मिनिटांत खालच्या फॉल्स सीलिंगवर गुलाबी थेंब! आपल्या इमारतीत नहाणीचा ट्रॅप स्लॅबखाली, खालच्या घराच्या छताला लटकलेला असतो. सांधा तिथेच सुटला होता. दुरुस्ती खालच्या घरातून करावी लागली, खर्च वरच्यांनी दिला, कारण नहाणी त्यांची. खालच्या काकांना हे पटायला थोडा वेळ लागला की तक्रार त्यांची, तरी सीलिंग उघडायचे त्यांचेच.

वरच्यांनी दार उघडले नसते तर? मग समिती त्यांना पत्र देते, सभेत बोलावते, मध्यस्थी करते. कुलूप तोडून आत जाण्याचा अधिकार आम्हाला नाही. दोन सभासदांचा वाद तिथेही मिटला नाही, तर सहकार न्यायालयाचा रस्ता उरतो, आणि त्या वेळी हाच क्रमांक, हीच तारीखवार पत्रे कामी येतात.

तेव्हा मेलचा विषय असा लिहा: बी-304 / कॉमन बाथरूमचे छत / सकाळी गळते. आत, कधीपासून, केव्हा, आणि दिवसाउजेडी काढलेला एक फोटो. एका मेलमध्ये एकच तक्रार. कुत्रा, कचरा आणि पार्किंग एकत्र लिहिले की तिन्हींपैकी दोन नक्की राहतात. पाठपुरावा त्याच मेलला उत्तर देऊन करा, नवा मेल काढू नका. विंगमधल्या सात जणांनी एकाच पंपाबद्दल लिहिले तरी क्रमांक एकच पडतो.

भाडेकरूंनी दुरुस्तीबद्दल थेट लिहावे. परवानगी आणि बिलाबद्दल मात्र घरमालकांनीच. निनावी मेल आम्ही नोंदवत नाही. अपवाद सुरक्षिततेचा: उघडी वायर कोणी सांगितली याने काही फरक पडत नाही.

ज्यांना मेल जमत नाही त्यांनी साध्या कागदावर लिहून ऑफिसात द्यावे. मॅनेजर फोटो काढून तोच मेलवर टाकतील आणि क्रमांक तुमच्या कागदावर लिहून देतील. क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

सी विंगचा पंप आवाज करतो, हे आम्हाला कळले आहे. त्याला क्रमांक पडला आहे, बेअरिंग मागवले आहे. कृपया त्यावर आणखी मेल नकोत.

आपला,
सचिव