छत्तीस की त्रेचाळीस?

नातू पाचवीत आहे आणि शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे. त्यामुळे सध्या आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही बंद आणि ‘गटात न बसणारे पद ओळखा’ सुरू. परवा त्याला सरावाला काही द्यावं म्हणून माळ्यावरची जुनी पेटी काढली. आमच्या वेळी ही परीक्षा चौथी आणि सातवीला असायची (पाचवी-आठवीला ती २०१७ मध्ये गेली), आणि चौथीच्या जादा तासांसाठी मी स्वतः स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईलवर चाचण्या काढत असे. शाईने हात काळे व्हायचे, पण हौस दांडगी. त्या गठ्ठ्यात एक कागद सापडला आणि एक जुनी गोष्ट वर आली. ती आज सांगूनच टाकतो.

प्रश्न असा होता: १६, २५, ३६, ४३. यातली वेगळी संख्या कोणती?

तुम्ही म्हणाल, ४३. मीही तेच योजलं होतं. १६ हा ४ चा वर्ग, २५ हा ५ चा, ३६ हा ६ चा, आणि ४३ कुणाचाच नाही. वर ४३ मूळ संख्या. म्हणजे दुहेरी पुरावा. उत्तरसूचीत ४३ लिहून मी मोकळा झालो होतो.

वर्गात एक मुलगी होती. वर्षाच्या मधेच वडिलांच्या बदलीमुळे आलेली, त्यामुळे वर्गसंख्यांचा पाठ तिचा बुडाला होता. तिने ३६ लिहिलं. मी लाल शाईने फुली मारली. मधल्या सुट्टीत ती कागद घेऊन आली आणि म्हणाली, “सर, एक आणि सहा सात. दोन आणि पाच सात. चार आणि तीन सात. छत्तीसचेच नऊ होतात.” मी कागदाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “आधी वर्ग पाठ कर, मग बोल,” म्हणालो. ती गेली. जादा तासाला पहिली दहा मुलं घ्यायची होती, ती दोन गुणांनी अकरावी आली. प्रश्न दोन गुणांचा होता.

आता मुद्द्यावर येतो. चूक तिची नव्हती, प्रश्नाची होती. तीन संख्यांत एक गुण समान आणि चौथीत तो नाही, एवढीच या प्रश्नाची अट असते. तिच्या तीन संख्यांत ‘अंकांची बेरीज ७’ हा गुण आहे, माझ्या तीन संख्यांत ‘पूर्ण वर्ग’ हा. दोन्ही तिकड्या तितक्याच खऱ्या. मग मी जे तपासलं ते तिची बुद्धी नव्हे, तर कुठला पाठ तिला आधी मिळाला ते. मार्गदर्शकांत क्रम दिलेला असतो: आधी मूळ संख्या बघा, मग वर्ग, मग घन, आणि काहीच जमलं नाही तर अंकांची बेरीज. घाईतल्या मुलाला हा क्रम उपयोगाचा आहे, माझी तक्रार नाही. पण प्रश्न काढणाऱ्याने पहिल्या जुळणीला थांबून चालत नाही. त्याने चारही चाळण्या लावल्या पाहिजेत, उत्तर सापडल्यानंतरसुद्धा.

कुणी म्हणेल, असं बघायला गेलं तर कुठलीही संख्या वेगळी ठरवता येईल. खरं आहे. ३६ ला ३ ने भाग जातो, बाकीच्यांना जात नाही. २५ ला ५ ने जातो, बाकीच्यांना नाही. पण ही उत्तरं मी धरणार नाही. कारण तिथे उरलेल्या तिघींत समान असं काही नाही, फक्त एक ‘नाही’ समान आहे. एकीजवळ काहीतरी जास्त असणं वेगळं आणि तिघींजवळ असलेलं तिच्याजवळ नसणं वेगळं. ही एक कसोटी लावली की निम्मे वाद मिटतात. त्या मुलीचं उत्तर मात्र या कसोटीलाही उतरतं.

हा अपघात का होतो तेही बघण्यासारखं आहे. संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत गेलं, तर पूर्ण वर्गाला १, ४, ७ किंवा ९ यांपैकीच काहीतरी येतं. दुसरं काही येतच नाही. (घनाला तर फक्त १, ८ किंवा ९.) म्हणजे वर्ग घेतले की चारच खोल्यांत सगळ्यांना बसायचं, मग दोघे एका खोलीत येणारच. ४ आणि ५ मिळून ९ होतात, म्हणून त्यांच्या वर्गांची, १६ आणि २५ ची, बेरीज सारखीच, ७. १३ आणि १४ चंही तेच: १६९ आणि १९६, दोन्हींचे १६ आणि मग ७. असे दोन वर्ग शेजारी ठेवले आणि चौथी संख्या नेमकी सातवाली निवडली, की दुसरं उत्तर आपोआप तयार. उलट बाजूने सावधगिरी अशी की बेरीज ७ आली म्हणून संख्या वर्ग ठरत नाही. ४३ च बघा ना. २, ३, ५, ६, ८ आले तर वर्ग नाही हे नक्की, एवढंच ही चाळणी सांगते.

अंकांच्या बेरजेला पोरखेळ समजायचं कारण नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) आयुष्यभर हेच बघत बसले. अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. ३६ हर्षद आहे, नऊ चोक छत्तीस. बाकीच्या तिघी नाहीत.

तर हा प्रश्न दुरुस्त करायचा कसा? परवा बसलो. ४३ काढून ४७ घातले. बेरीज ११, प्रश्न मिटला असं वाटलं. नातवाने दोन मिनिटांत सांगितलं, “आजोबा, २५, ३६, ४७ मध्ये अकरा-अकराचं अंतर आहे. सोळा वेगळा.” घ्या! मग ५३ घातले. बेरजा ७, ७, ९, ८, तिघी एका ठिकाणी येत नाहीत. दोन सम, दोन विषम. अंतरं ९, ११, १७. नातवाने आणखी एक काढलं, की १६, २५, ३६ मध्ये पहिला अंक लहान आणि दुसरा मोठा, ५३ मध्ये उलट. पण तेही ५३ कडेच बोट दाखवतं. वाटा दोन, मुक्काम एक. असा प्रश्न मला चालेल.

मूळ संख्यांच्या गटात २ घालणं हाही तसलाच घोळ. २, ७, १३, २१ मध्ये २१ मूळ नाही, पण २ सोडून बाकी तिन्ही विषम आहेत. ८, २७, ६४, १०० मध्ये १०० हा घन नाही, पण २७ एकटाच विषम. सम-विषम हे मुलाला सगळ्यात आधी दिसतं आणि आपण मोठे तेच सगळ्यात शेवटी बघतो.

परीक्षा परिषद निदान अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, तिच्यावर आक्षेप मागवते, मग अंतिम सूची काढते. आक्षेप घ्यायचा तर ‘तिघींत समान काय’ हे लिहावं, ‘एकीत वेगळं काय’ हे नव्हे. पण शाळेतल्या नि क्लासमधल्या सराव चाचण्यांना कसली आली आक्षेपाची सोय? तिथे आक्षेप म्हणजे मधल्या सुट्टीत कागद घेऊन उभं राहिलेलं पोर. माझं म्हणणं इतकंच, की कारण सांगता आलं आणि ते तिघींना लागू पडलं, तर पूर्ण गुण द्यावेत आणि उत्तरसूची तिथल्या तिथे पेनाने बदलावी.

पेटीतल्या त्या कागदाखाली त्या वर्षीची गुणांची यादीही निघाली. अकराव्या नावापुढे मी दोन वाढवले. आता ती नववी आहे.