बिनव्याजी, पण बिनहिशेबी नव्हे

गेल्या महिन्यात शेजारची बी.एस्सी. झालेली एक मुलगी पत्राचा कच्चा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. अन्नपदार्थांच्या गुणवत्ता तपासणीचा वर्षभराचा अभ्यासक्रम तिला पुण्यात करावयाचा होता. शुल्क १,६०,००० रुपये. निम्मे जुलैत, निम्मे डिसेंबरात. शिकवण्या घेऊन साठविलेले ४०,००० तिच्याजवळ होते. उरलेले १,२०,००० ती आपल्या मामांकडे मागणार होती. मामांची मार्केट यार्डात धान्याची पेढी आहे. वडिलांचे मत असे, की मामाला कागद कसला द्यायचा, तो अपमान समजेल.

मला अनुभवाने उलट वाटते. हिशेब तोंडी राहिला की दोघांच्या आठवणी वेगळ्या होतात. हप्ता चुकलेली भाची लग्नकार्यात मामासमोर यायचे टाळते आणि मामा विचारायला संकोचतो. पैसे बुडण्याआधी येणेजाणे बुडते.

तिच्या मसुद्यात दोष वेगळाच होता. अभ्यासक्रम संपताच दरमहा १०,००० देऊन वर्षात कर्ज फेडण्याचे वचन तिने दिले होते. मी विचारले, ‘‘पगार किती धरलास?’’ ‘‘अठरा हजार.’’ खोलीभाडे, मेस आणि प्रवास वजा करता तिच्या हाती सहा-सात हजार उरत होते. म्हणजे पहिलाच हप्ता चुकणार होता. वेळापत्रक देणाऱ्याला खूश करण्यासाठी नसते, फेडणाऱ्याच्या हाती उरणाऱ्या रकमेवरून ते ठरते. तिने मसुदा पुन्हा लिहिला:

‘‘आदरणीय मामा,
सादर जय जिनेंद्र.
अभ्यासक्रमासाठी मला १,२०,००० रुपये बिनव्याजी उसने हवे आहेत. सगळे एकदम नकोत. ४०,००० जुलैच्या पाच तारखेला आणि ८०,००० डिसेंबरच्या पाच तारखेला पुरतील. अभ्यासक्रम मे महिन्यात संपेल. नोकरीसाठी तीन महिने धरून सप्टेंबरच्या पाच तारखेपासून परतफेड सुरू करीन. पहिले सहा हप्ते ४,००० रुपयांचे, म्हणजे २४,०००. पुढील सोळा हप्ते ६,००० रुपयांचे, म्हणजे ९६,०००. बावीस महिन्यांत पूर्ण रक्कम फिटेल. नोकरीला उशीर झाला तर पाच तारखेच्या आधी मीच फोन करीन आणि त्या महिन्याचा हप्ता शेवटी जोडीन. तुम्हाला मध्येच रकमेची गरज पडली तर दोन महिने आधी सांगा. बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळवून उरलेली रक्कम फेडण्याचा मी प्रयत्न करीन. या वेळी जमत नसेल तर निःसंकोच नाही म्हणा. आपले नाते या रकमेवर अवलंबून नाही.
आपली भाची’’

मग आम्ही मामांच्या बाजूचा हिशेब केला. हीच रक्कम सात टक्के दराने ठेवीत राहिली असती, तर महिन्यागणिक उरणाऱ्या बाकीवर सरळव्याजाने सुमारे १५,००० रुपये मिळाले असते. पूर्ण रक्कम जुलैतच घेतली असती तर आणखी सुमारे २,३०० रुपये गेले असते. हे आकडे पत्रात घालू नयेत, पण मागणाऱ्याने जाणून असावेत. बिनव्याजी कर्जातही व्याज असते. ते फक्त देणारा सोसतो.

व्यापारी घरांनी दोन गोष्टी विशेष सांभाळाव्यात. पहिली, रक्कम मामांच्या वैयक्तिक बचत खात्यातून यावी, पेढीच्या कॅश क्रेडिट खात्यातून नव्हे. पेढी त्या खात्यावर बँकेला व्याज भरते. तेथील पैसा घरच्या कामासाठी बिनव्याजी दिला, तर तेवढ्या व्याजाचा खर्च प्राप्तिकर अधिकारी नामंजूर करू शकतात. शिवाय पेढीत भागीदार असल्यास प्रश्न त्यांचाही होतो.

दुसरी, रोख व्यवहार नको. वीस हजार किंवा अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेतल्यास घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो. परतफेडीलाही असाच नियम आहे. बाकी वीस हजार किंवा अधिक असेल, तर चार हजारांचा हप्तासुद्धा हातात देऊ नये. खात्यातून खात्यात पाठविला की नोंद आपोआप राहते. मामांनी पुढे उरलेली रक्कम माफ केलीच, तर भीती नाही. मामा हे कायद्याने जवळचे नातेवाईक असल्याने अशी भेट भाचीच्या हाती करपात्र ठरत नाही. मात्र तसे दोन ओळींत लिहून घ्यावे.

पत्र मामांना पोहोचले. त्यांनी होकार कळविला, पत्राची एक प्रत स्वतःच्या सहीने परत पाठविली आणि समासात एकच दुरुस्ती केली: ‘पहिला हप्ता सप्टेंबरऐवजी ऑक्टोबरात. पहिल्या पगारातून आईला साडी घे.’

वेळापत्रक एक महिना पुढे सरकले. तिने ते पुन्हा लिहून काढले, आणि दोघांनी त्यावर सही केली.