माप चुकले कुणाचे?

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. बिशानमध्ये आमच्याच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या एका वहिनींनी मुलासाठी पुण्याच्या एका दुकानातून इंटरनेटवर रेशमी कुर्ता मागवला. पार्सल सोमवारी, २९ सप्टेंबरला आले. मुलगा नॅशनल सर्व्हिसमध्ये, तो घरी येणार शुक्रवारी रात्री. म्हणून डबा तसाच कपाटावर राहिला. शनिवारी कुर्ता अंगात घातला, तर छातीवर बटणे ताणलेली आणि हात वर होईना. दुकानाचा नियम असा की, माल मिळाल्यापासून सात दिवसांत कळवायचे. त्यातले पाच दिवस कपाटावरच गेले होते.

वहिनींनी त्याच रात्री दुकानाला ई-मेल केली. आमच्या लोकांच्या अशा पत्रांचा जो नमुना असतो, तोच तो. सणाचे दिवस, मुलगा वर्षातून एकदा हौस करतो, आम्ही परदेशात राहतो, फार निराशा झाली, कृपया काहीतरी करावे. सगळे खरे होते. पण त्यात दुकानाला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट नव्हती. रविवारी दोन ओळींचे उत्तर आले : 'आपण ४० नंबर मागवला, लेबलवर ४० च आहे. बदलून हवा असल्यास जाण्यायेण्याचा खर्च आपला.' वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी, आपलंच चुकलं असेल."

माझे म्हणणे या 'जाऊ द्या'विषयीच आहे. चूक कुणाची हे टेपने मोजून ठरवता येते, आणि ते ठरवल्याशिवाय न रागावण्यात अर्थ आहे, न गप्प बसण्यात.

मापाची चूक तीन प्रकारची असते. मागवला ४० आणि आला ३८, ही उघड दुकानाची चूक. मागवला ४०, आला ४०, आणि कपडा दुकानाच्या तक्त्याबरहुकूम आहे, पण आपल्याला होत नाही. ही आपली चूक, आणि ती सरळ कबूल करावी. तिसरा प्रकार फसवा. लेबल बरोबर, पण कपडा त्या लेबलचा नाही. हा प्रकार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक तो दुसऱ्या प्रकारात टाकून मोकळे होतात.

कुर्त्याचा ४० नंबर म्हणजे बहुतेक ठिकाणी माणसाची छाती ४० इंच. कपडा त्याहून सैल असावा लागतो, नाहीतर श्वासही घेता येणार नाही. काही दुकाने मात्र तयार कपड्याचेच माप नंबर म्हणून देतात. तेव्हा तक्त्यात कुठले माप दिले आहे, अंगाचे की कपड्याचे, हे आधी पाहावे. या दुकानाच्या तक्त्यात दोन्ही होती. ४० नंबरला तयार छाती ४४, खांदा १८, लांबी ४२. ३६ नंबरला तयार छाती ४०, खांदा १७, लांबी ४०.

आम्ही कुर्ता जेवणाच्या टेबलावर पसरला, बटणे लावली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, आणि बगलेच्या एक इंच खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप धरला. २० इंच भरले, म्हणजे घेर ४०. खांदा १७. लांबी ४०. तिन्ही मापे ३६ च्या ओळीत जाऊन बसली. एखादे माप अर्ध्या इंचाने पुढेमागे झाले असते तर शिलाईतला फरक म्हणून सोडले असते. तिन्ही एकाच ओळीत जुळतात तेव्हा ३६ च्या कुर्त्याला ४० चे लेबल लागले, एवढाच अर्थ निघतो.

शिंप्याकडून उसवून घ्यावा, असेही कुणी सुचवले. तयार कपड्याच्या शिलाईत माया बहुधा अर्धा इंच असते. दोन बाजूंच्या शिवणी उसवून फार तर इंचभर मिळेल, चार इंच नाही. शिवाय रेशमावर जुन्या शिवणीची भोके दिसतात ती वेगळीच.

रविवारी रात्री वहिनींनी दुसरे पत्र लिहिले. दुकान पुण्याचे, म्हणून तेही मराठीतच. ते असे :

'महोदय, ऑर्डर क्रमांक व तारीख विषयात दिली आहे. पार्सल २९ सप्टेंबरला मिळाले, म्हणजे आज मुदतीच्या आत कळवीत आहे. लेबल ४० चे आहे, परंतु कपडा मोजला असता छाती ४०, खांदा १७ व लांबी ४० इंच भरते. आपल्या तक्त्यात ही मापे ३६ नंबरची आहेत. टेप लावलेले तीन फोटो, लेबलचा फोटो आणि तक्त्याचे चित्र सोबत आहे. कपडा वापरलेला नाही, खूणचिठ्ठ्या जागेवर आहेत. तक्त्याप्रमाणे ४० नंबरचा कुर्ता आपल्या खर्चाने १८ ऑक्टोबरपूर्वी बिशानला पोहोचेल असा पाठवावा. हा रंग नसल्यास मोरपिशी चालेल. तोही नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. पाठवण्यापूर्वी नवीन कपडा मोजून पाहावा. जुना परत हवा असल्यास त्याची व्यवस्था व खर्च आपल्याकडे असावा, ही विनंती.'

या पत्रात निराशेचा शब्द नाही. दुकानात जो कुणी ते वाचतो त्याला वरिष्ठांना विचारावे लागत नाही. फोटो पाहून तो निर्णय घेऊ शकतो. दुसरा रंग आधीच सांगितल्यामुळे एक फेरीही वाचली. दुसऱ्याच दिवशी दुकानाने चूक मान्य केली. लाल संपला होता. मोरपिशी कुर्ता १७ तारखेला, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी हातात पडला. जुना परत मागितला नाही. भारतात परत गेलेले पार्सल कस्टमच्या दृष्टीने आयातच ठरते, आणि एका कुर्त्यासाठी ती कटकट दुकानालाही नको असते.

दुकान अडून बसले असते तर? सिंगापुरात १ सप्टेंबर २०१२ पासून असा कायदा आहे की, कराराप्रमाणे नसलेला माल दुकानदाराने दुरुस्त करून किंवा बदलून द्यावा, आणि ते न जमल्यास किंमत कमी करावी वा पैसे परत करावेत. सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळातच होता असे धरले जाते. पण कायदा इथला आणि दुकान तिथले. पुण्याच्या दुकानावर तो बजावणे सोपे नाही. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे तक्रार करता येते, आणि तिथेही हेच फोटो व हेच पत्र मागतात. म्हणून कायद्याची धमकी पत्रात घालण्यापेक्षा टेपचा फोटो घालावा.

वहिनींनी आता एक नियम केला आहे. पार्सल आले की मुलाची वाट पाहायची नाही. त्याच संध्याकाळी टेबलावर पसरायचे आणि तक्त्याशी ताडून पाहायचे. अंगाचे माप मुलगा घरी आल्यावर कळेल. कपड्याचे माप त्याच्याशिवायही कळते.