चेहऱ्याची भीड

शेली चायकेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या आवारात केलेला एक प्रयोग १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ६८ विद्यार्थ्यांना एकच मुद्दा शिकवला. विद्यापीठाच्या भोजनगृहात सकाळी आणि दुपारी मांसाहारी पदार्थ देऊ नयेत, हा तो मुद्दा. मग आवारातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाठून त्यावर सह्या घ्यायच्या. देखण्या विद्यार्थ्यांनी गाठलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांनी सही केली. दिसायला डाव्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा आकडा ३२ टक्के भरला.

शंभरामागे नऊ माणसांचा हा फरक अफाट नाही. बहुतेकांनी चेहरा पाहून मत बदललं नाही, हेही त्यातून दिसतं. पण दिवसभरात शंभर गिऱ्हाइकं येणाऱ्या दुकानासाठी नऊ जादा विक्री म्हणजे काय, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही.

चायकेनबाईंना आणखी एक गोष्ट आढळली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. देखणे विद्यार्थी बोलण्यातही सरस होते, अधिक सफाईने बोलत होते. म्हणजे नुसते नाकडोळे काम करत नव्हते. मला याचं कारण असं वाटतं, की देखण्या मुलाचं बोलणं लहानपणापासून लोक थांबून ऐकतात, मध्ये तोडत नाहीत, हसून दाद देतात. वीस वर्षं अशी दाद मिळालेला माणूस काउंटरमागे उभा राहतो तेव्हा त्याचा आत्मविश्वास खरा असतो. आपण मात्र तो आत्मविश्वास त्याच्या मालाच्या खात्यात जमा करतो.

हे जमा करणं आपल्याला कळत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांना एका प्राध्यापकाची मुलाखत दाखवली. प्राध्यापक एकच, पण एका चित्रफितीत तो प्रेमळपणे बोलतो आणि दुसरीत तुसडेपणाने. प्रेमळ फीत पाहिलेल्यांना त्याचं दिसणं, लकबी आणि परदेशी हेल, तिन्ही गोष्टी आवडल्या. तुसडी फीत पाहिलेल्यांना तेच दिसणं आणि तोच हेल खटकला. विचारल्यावर मुलं म्हणाली, आमच्या आवडीनिवडीचा या मतांवर काही परिणाम झालेला नाही. उलट दुसऱ्या गटातल्या अनेकांना वाटत होतं, की हेल आणि लकबी खटकल्या म्हणूनच तो माणूस आवडला नाही. कार्यकारणभाव पार उलटा झाला होता आणि कोणाला पत्ताही नव्हता.

त्यामुळे दुकानात ‘हा मुलगा देखणा आहे म्हणून मी भुलतेय’ असं आपल्या मनात कधी येत नाही. मनात येतं ते असं: ‘याला माहिती चांगली आहे’, ‘कंपनी भरवशाची दिसते’. ओढ चेहऱ्याची असते आणि मत बनतं ते मशीनबद्दल. म्हणून विक्रेत्याकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी ही ओढ सापडत नाही. ती शोधायची तर आपण काय ठरवून आलो होतो आणि आता काय करतोय, तिथे पाहावं लागतं.

माझी भाची वॉशिंग मशीन घ्यायला गेली तेव्हा मी बरोबर होते. चौघांचं घर, सात किलोचं टॉप लोड, अठरा हजारांपर्यंत, असं ती ठरवून आली होती. अर्ध्या तासाने ती आठ किलोच्या फ्रंट लोडपाशी उभी होती. किंमत चौतीस हजार. समोरचा मुलगा उंच, हसरा, नीटस. तो खोटं एक अक्षरही बोलला नाही. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हणाला, आणि ती होतीच.

पण दहा वर्षं फक्त मोटरवर असतात. पूर्ण मशीनवर दोनच वर्षं होती. बिघडतं काय, तर पीसीबी, पाणी उपसणारा पंप, दाराचं रबर, आणि ती दहा वर्षं यांतल्या कशालाच लागू नव्हती. भाचीच्या इमारतीत बोअरिंगचं जड पाणी येतं, त्याने हीटरवर क्षार धरतात. ती सर्वांत वरच्या मजल्यावर राहते, गच्चीतली टाकी डोक्यावर जेमतेम काही फुटांवर, त्यामुळे नळाला दाब कमी. दाब कमी पडला की मशीन पाणी भरताना अडकतं. हे सगळं भाचीला माहीत होतं. तिने त्यातलं काहीच विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी कारण विचारलं, तर म्हणाली, “मावशी, तो इतकं मनापासून सांगत होता, मध्येच असं विचारणं बरं दिसलं नसतं.”

ती भीड हीच खूण. एरवी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी मुलगी चौतीस हजारांच्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायला लाजत असेल, तर तिच्या डोक्यात त्या क्षणी मशीन नाही, माणूस आहे. वॉरंटीचा कागद मागताना जीभ अडखळली, तर तो कागद आधी मागावा.

आणखी एक पारख मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी सुचवली आहे. माणूस आवडू नये म्हणून धडपडू नका, ते जमत नाही. फक्त स्वतःला विचारा, एवढ्या थोड्या वेळात हा मला इतका कसा काय आवडला? उत्तर चमत्कारिक वाटलं, तर माणूस आणि माल यांचा हिशेब वेगवेगळा मांडा. आम्ही तसंच केलं. पैसे न देता बाहेर पडलो, समोर चहा घेतला आणि त्या मुलाने सांगितलेलं सगळं एका कागदावर लिहून काढलं. इन्व्हर्टर मोटर, आठ किलो, वाफेची धुलाई. माणूस गळला आणि तीन ओळी उरल्या. त्या तीन ओळींसाठी सोळा हजार जास्त द्यायचे का, हा प्रश्न भाचीला दोन मिनिटांत सुटला.

‘तो विकायलाच उभा आहे, हे मला माहीत आहे’ एवढ्या सावधपणावर मात्र विसंबू नये. रेनहार्ड, मेसनर आणि स्पोरर यांच्या २००६ च्या अभ्यासात उलटंच दिसलं. देखण्या विक्रेत्याने ‘मला हे तुम्हाला विकायचं आहे’ असं उघड सांगितलं, तेव्हा त्याचं म्हणणं लोकांना अधिक पटलं. तोच उघडेपणा सामान्य दिसणाऱ्याला महागात पडला. देखण्या माणसाचा हेतूही आपल्याला प्रामाणिकपणा वाटतो.

भाचीला मशीन दाखवणारा तो मुलगा दुकानाचा नव्हताच, एका कंपनीने तिथे उभा केलेला प्रमोटर होता. अशांना सहसा आपल्या कंपनीच्या विकलेल्या मशीनमागे इन्सेन्टिव्ह मिळतो. यात त्याचा दोष काही नाही, पोटासाठी उभा आहे. पण इतर कंपन्यांची तुलना त्याच्या तोंडून ऐकण्यात अर्थ नाही. ‘तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?’ हा प्रश्न सरळ विचारावा. कोणी रागावत नाही.

मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच माणसाचं. त्याच दुकानात मागच्या बाजूला, तक्रारी घेणाऱ्या टेबलाशी एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. पडेल चेहरा, चुरगळलेला शर्ट, समोर जॉबकार्डांचा गठ्ठा. जड पाण्यात कोणत्या मशीनचा हीटर जातो आणि कोणत्या कंपनीचा पीसीबी दोन महिने मिळत नाही, हे त्या दुकानात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसणार. त्यांच्यापाशी एकही गिऱ्हाईक थांबत नव्हतं. चहा पिऊन आम्ही परत गेलो ते त्यांच्याकडे. वरचा मजला आणि बोअरिंगचं पाणी म्हटल्यावर त्यांनी मानही वर केली नाही. “टॉप लोड घ्या,” म्हणाले, “आणि नळाला जाळी बसवून घ्या.”