निम्म्या बायका म्हणजे नेमक्या कोणत्या?

पनवेलच्या वस्त्यांमध्ये सर्व्हे काही कमी होत नाहीत. कधी कॉलेजच्या मुली येतात, कधी एखादी संस्था, कधी सरकारी माणसं. आपल्या बायका चुलीवरचं सोडून उत्तरं देतात. महिन्या-दोन महिन्यांनी, आलंच तर, एक वाक्य परत येतं: "निम्म्या महिलांनी वर्षभरात बीपी तपासलेला नाही." एवढ्यावर आपण समाधान मानू नये, असं आमचं मत आहे.

समजा, एका वस्तीतल्या सगळ्या १२० बायकांना हा प्रश्न विचारला. हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत. ६० जणींनी तपासला, ६० जणींनी नाही. आता त्याच वह्या वयाप्रमाणे लावून पाहू:

| वय | तपासला | नाही तपासला | एकूण |
|---|---|---|---|
| १८ ते २९ | ३६ (६०%) | २४ (४०%) | ६० (१००%) |
| ३० ते ४९ | २० (५०%) | २० (५०%) | ४० (१००%) |
| ५० च्या पुढे | ४ (२०%) | १६ (८०%) | २० (१००%) |
| सगळ्या | ६० (५०%) | ६० (५०%) | १२० (१००%) |

यातली टक्केवारी आडवी आहे. म्हणजे प्रत्येक वयाच्या बायकांना त्यांच्याच एकूण संख्येने भागलंय. पन्नाशीपुढच्या २० पैकी १६ जणींचा बीपी कोणी पाहिलेलाच नाही. ज्या वयात हा आजार जास्त सापडतो, तिथेच हे घडतंय. "निम्म्या" या शब्दात त्या झाकल्या गेल्या होत्या.

हाच तक्ता उभा भागला तर गोष्ट उलटी दिसते. न तपासलेल्या ६० जणींमध्ये तरुण २४, म्हणजे ४०%. पन्नाशीपुढच्या १६, म्हणजे २७%. हे पाहून कोणी म्हणेल, जास्त दुर्लक्ष तरुणींकडून होतंय, शिबिर कॉलेजजवळ घ्या. हिशेब खोटा नाही, प्रश्न वेगळा आहे. तरुणी वस्तीत जास्त आहेत म्हणून त्यांचा वाटा मोठा दिसतो. तक्ता हातात आला की आधी १०० कुठे होतात ते पाहावं. ओळीच्या शेवटी होत असतील, तरच वयावयाची तुलना करता येते. आणि ४०, ५०, ८० यांची सरासरी काढून ५७% सांगणाराही भेटतो; वस्तीचा खरा आकडा ५०% आहे, कारण तिन्ही गटांत बायका सारख्या नाहीत.

टक्क्याशेजारी माणसांची संख्या हवीच. २० जणींच्या गटात एक बाई म्हणजे ५ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालांत २५ पेक्षा कमी जणांवरचा टक्का छापतच नाहीत, तिथे फुली येते. २५ ते ४९ असतील तर आकडा कंसात येतो. तिथे निवडक घरांवरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा असतो, म्हणून ही काळजी. आपण वस्तीतलं प्रत्येक घर विचारलं असेल तर १६ म्हणजे १६ च. मात्र त्यावरून "पनवेलमध्ये ८०%" असं म्हणता येणार नाही.

खरी अडचण वयाची. आपल्या आजींना विचारलं की उत्तर येतं, "असेल पन्नास." शून्यावर आणि पाचावर संपणारी वयं वहीत भरमसाठ दिसली, तर समजावं की अंदाजाने लिहिलीत. आधार कार्डावरची तारीखही बऱ्याचदा अशीच टाकलेली असते. त्यापेक्षा विचारावं: १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी जन्मला होतात का? ७२ च्या दुष्काळात लग्न झालं होतं का? १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा थोरलं पोर केवढं होतं? वय बऱ्यापैकी जुळतं. वर्षं वहीत जशीच्या तशी लिहावीत, गट नंतर पाडावेत. आधीच "५० च्या पुढे" अशी खूण केली तर मागाहून साठीच्या बायका वेगळ्या काढता येत नाहीत. गटाची एक सीमा ३० ला ठेवावी, कारण आशाताईंचा बीपी-शुगरचा सीबॅक फॉर्म त्याच वयापासून भरला जातो. आपला तक्ता त्याच्या शेजारी ठेवता येतो.

ज्यांनी उत्तर दिलं नाही किंवा "आठवत नाही" म्हटलं, त्यांना "नाही" मध्ये ढकलू नये. त्यांचा वेगळा रकाना करावा आणि आडव्या १०० मध्ये त्यांना धरलं की वगळलं, हे तक्त्याखाली लिहावं. म्हाताऱ्या बायकांमध्ये असे रकाने जास्त भरतात, कारण पुष्कळदा उत्तर सूनच देते.

म्हणून वस्तीत पुढचा सर्व्हे येईल तेव्हा मंडळाने सही देण्याआधीच सांगावं: वयाप्रमाणे तक्ता, संख्या आणि आडवी टक्केवारी, मराठीत, विहारात लावायला. तो हाती आला की शिबिर कुठे घ्यायचं हे आपणच सांगू शकतो. वरच्या उदाहरणात तर शिबिरही लागत नाही. १६ घरं आहेत, बीपीचं मशीन घेऊन एका दुपारी फिरता येतील.