मेहेर हे कर्ज आहे, नुसता रिवाज नव्हे

रेवदंडा, मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानांच्या निकाहात मेहेरचा आकडा चारचौघांत वाचला जातो, नवरदेव तो कबूल करतो, वकील आणि साक्षीदार सह्या करतात. त्यानंतर पुष्कळ घरांत तो आकडा पुन्हा कोणाच्या तोंडी येत नाही. या शांततेतून तीन समज रुजले आहेत. काही सुधारक म्हणतात, मेहेर ही बाईची किंमत आहे. काही वकील म्हणतात, ती तलाकची भरपाई आहे. आणि घरची वडीलधारी माणसे म्हणतात, तो रिवाजाचा आकडा आहे, माफच करायचा असतो. पहिल्या दोन समजांना कायद्याने केव्हाच उत्तर दिले आहे. तिसरा मात्र आजही बायकांचे प्रत्यक्ष नुकसान करतो, म्हणून त्याच्यावर जास्त थांबायला हवे.

बाईची किंमत म्हणणारे 1886 च्या अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्याकडे बोट दाखवतात. तिथे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महमूद यांनी मेहेरची तुलना विक्रीतल्या मोबदल्याशी केली होती. पण ती तुलना एवढ्याचपुरती होती की नगद मेहेर मिळेपर्यंत पत्नी नांदायला नकार देऊ शकते. त्याच निकालात त्यांनी सांगितले की आकडा ठरलेला नसला तरी मेहेरचा हक्क निकाहाबरोबर आपोआप जन्मतो. सौद्याची कल्पना इथेच मोडते, कारण किंमतच न ठरलेली विक्री कशी उभी राहणार? निकाह मात्र आकड्यावाचूनही पक्का असतो, आणि न्यायालय मग मेहेर-ए-मिस्ल ठरवते, म्हणजे बापाकडच्या बहिणी आणि आत्या यांना काय मेहेर मिळाले ते पाहून. शिवाय पैसे मिळतात ते बायकोला, बापाला नाही. हुंड्याच्या प्रवाहाची दिशा नेमकी उलटी असते, आणि म्हणूनच 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने आपल्या व्याख्येतून मेहेर स्पष्ट शब्दांत वगळले.

दुसऱ्या समजाचा उगम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127(3)(ब) मध्ये होता. तलाकमुळे व्यक्तिगत कायद्यानुसार देय असलेली सगळी रक्कम घटस्फोटितेला मिळाली असेल, तर पोटगीचा हुकूम रद्द व्हावा, असे ते कलम म्हणत होते. नवऱ्यांच्या वकिलांनी मेहेर त्या चौकटीत बसवले. मुंबईच्या बाई ताहिरा यांच्या खटल्यात मेहेर 5000 रुपये आणि इद्दतचा खर्च 180 रुपये होता. एवढ्यावर पोटगी संपते हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये मान्य केले नाही. 1985 मध्ये शाहबानो खटल्यात घटनापीठाने मुळालाच हात घातला: मेहेर हे विवाहामुळे येणारे देणे आहे, तलाकमुळे येणारे नव्हे. उधार ठेवलेला हिस्सा तलाकच्या वेळी द्यावा लागतो, तो केवळ तेव्हा मुदत भरते म्हणून. पुढे 1986 च्या कायद्यानेही कलम 3 मध्ये मेहेर आणि निर्वाह ही दोन देणी वेगवेगळी मांडली. घटस्फोटितेने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्यांनी महिन्याभरात हुकूम द्यायचा, आणि पुरेशा कारणाशिवाय पैसे न देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

शाहबानोंचा निकाह 1932 चा, मेहेर 3000 रुपये. नवऱ्याने ही रक्कम 1978 मध्ये, तलाकनंतर, कोर्टात भरली. शेहेचाळीस वर्षे आकडा जागेवर राहिला आणि पैशाचे मोल विरघळून गेले. उधार मेहेर रुपयांत लिहिण्याचा धोका याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

आता तिसरा समज. तलाकपेक्षा मृत्यूच्या वेळी तो अधिक खोल रुतलेला दिसतो. मय्यत उचलण्याआधी विधवेला जवळ आणतात आणि म्हणतात, "मेहेर माफ कर, म्हणजे त्याच्या मानेवर ओझे राहणार नाही." ओझे राहते ही समजूत बरोबरच आहे, कारण मेहेर हे कर्ज आहे. पण कर्ज उतरवायचा मार्ग ते फेडणे हा आहे, आणि फेडायचे ते त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून.

किती फरक पडतो, ते हिशेबाने पाहू. समजा, श्रीवर्धनचा एक माणूस आखाती देशात नोकरी करून परतला आणि वारला. मागे विधवा, दोन मुलगे, एक मुलगी. घर, सुपारीची वाडी आणि बँकेतली ठेव मिळून दफनाचा खर्च वजा जाता 24 लाख उरतात. मृत्युपत्र नाही, दुसरे देणे नाही, मेहेर 4 लाख, सगळे थकलेले. वारसा वाटण्याआधी कर्ज फेडावे लागते. म्हणून आधी 4 लाख विधवेचे. उरलेल्या 20 लाखांत तिचा आठवा हिस्सा अडीच लाख. बाकी साडेसतरा लाखांचे पाच भाग केले की प्रत्येक मुलाला 7 लाख आणि मुलीला साडेतीन लाख. विधवेच्या पदरात एकूण साडेसहा लाख पडले. मेहेर माफ झाले असते तर तिला 24 लाखांचा आठवा हिस्सा, म्हणजे 3 लाख मिळाले असते. उरलेले साडेतीन लाख गेले असते मुलांकडे: दोन्ही मुलग्यांना 1 लाख 40 हजार प्रत्येकी, मुलीला 70 हजार. माफीचा फायदा मयताला झाला असे कागदावर तरी कुठे दिसत नाही, तो वारसांना झाला. इथे वारस तिची पोटची मुले आहेत. मूलबाळ नसेल तर तोच पैसा दीर आणि नणंदांकडे वळतो, आणि माफी मागायला पुढे होणारेही बहुधा तेच असतात.

माफी कायद्यात अजिबात नाही असे मी म्हणत नाही. पत्नी स्वखुशीने मेहेर सोडू शकते. पण खुशी खरी हवी. 1920 मध्ये नुरुन्निसा विरुद्ध ख्वाजा महंमद या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटले की पतीच्या मृत्यूच्या दुःखात बुडालेल्या स्त्रीने केलेली माफी तिच्या मोकळ्या संमतीची मानता येत नाही आणि ती तिच्यावर बंधनकारक नाही. रडत्या बाईकडून चार शब्द वदवून घेणारे जमातीतले बुजुर्ग हा निकाल कधी ऐकवत नाहीत. तिने इद्दतचे चार महिने दहा दिवस होऊ द्यावेत, निकाहनाम्यातला आकडा आणि मालमत्तेचा हिशेब डोळ्यांखालून घालावा, आणि मगच काय ते ठरवावे.

मात्र ती फार थांबली तरी पंचाईत होते. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. उधार मेहेरसाठी ती मृत्यू किंवा तलाकपासून मोजतात. नगद मेहेर मागून नाकारले गेले असेल तर नकाराच्या दिवसापासून, आणि संसारात कधी मागितलेच नसेल तर तेही मृत्यू किंवा तलाकपासून. निकाहनाम्यात नगद-उधार लिहिलेलेच नसेल, तर मुंबईच्या न्यायालयांनी रूढी, रक्कम आणि पत्नीची प्रतिष्ठा पाहून काही भाग नगद धरला आहे. पुराव्यासाठी मूळ निकाहनामा, नाहीतर काझींच्या नोंदवहीचा उतारा लागतो.

मेहेरच्या मोबदल्यात तिने शांतपणे, जबरदस्ती किंवा फसवणूक न करता घरावाडीचा ताबा घेतलेला असेल, तर देणे फिटेपर्यंत ती तो धरून ठेवू शकते, दाव्याची मुदत उलटली तरीही. 1916 च्या हमीरा बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हा हक्क उचलून धरला आणि इतकी वर्षे पैसे अडकून राहिल्याबद्दल तिला वाजवी भरपाई देता येते असेही सांगितले. पण वाडीतल्या सुपारीच्या उत्पन्नाचा हिशेब तिला द्यावा लागतो, आणि तो मेहेरमधून वळता होतो.

या हक्काची मर्यादा वकिलांनी विधवेला पहिल्याच भेटीत सांगायला हवी. मैना बीबी यांनी ताब्यातली मालमत्ता बक्षीसपत्राने देऊन टाकली. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिल म्हणाले, ताबा म्हणजे मालकी नव्हे, ते बक्षीस टिकणार नाही. त्याहून मोठा घाव 1950 च्या कपूरचंद विरुद्ध कादर उन्निसा या निकालाचा. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मेहेर हे विनातारण कर्ज आहे. वारसांपुढे विधवेचा ताबा टिकतो, पण नवऱ्याच्या इतर धनकोंपुढे तिला अग्रक्रम नाही, आणि हुकूमनामा मिळवलेला सावकार ते घर लिलावात काढू शकतो. वरच्या उदाहरणात त्या माणसाने सावकाराचे 30 लाख बुडवले असते, तर मालमत्ता सगळ्या देण्यांना पुरली नसती आणि विधवा इतर विनातारण धनकोंच्या रांगेत जाऊन बसली असती.

याच किनाऱ्यावर तुलनेला दुसरा दाखला हाताशी आहे. अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज उतरले असे मानणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या लग्नात केतुबा वाचला जातो. ज्यू परंपरेत कुमारिकेसाठी 200 झुझ आणि विधवेसाठी 100 झुझ हे त्यातले मूळ देणे. पारंपरिक केतुब्यात नवरा त्या रकमेपोटी आपली सारी मालमत्ता, अंगावरच्या वस्त्रासकट, बांधून देतो. दोन्ही कागदांत नवरा बायकोचा ऋणको होतो. केतुब्यात मात्र तारण मजकुरातच गुंफलेले आहे, आणि मेहेरला ते आपण जोडले तरच मिळते.

ते जोडायला शरियतची कसलीही आडकाठी नाही. मेहेर कोणत्याही मोल असलेल्या वस्तूचे असू शकते, आणि इथल्या कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथात किमान रक्कमही ठरलेली नाही. तेव्हा काझींनी नोंदवहीत मेहेर तोळ्यांत किंवा ग्रॅममध्ये लिहावे, म्हणजे शाहबानोंच्या 3000 रुपयांची गत होणार नाही. जमेल तेवढा भाग नगद ठेवावा आणि दिला की पावतीवर सही घ्यावी. उरलेल्या भागासाठी घर किंवा वाडी तारण द्यायची असेल, तर दुय्यम निबंधकाकडे गहाणखत नोंदवावे. मेहेरपोटी घरच द्यायचे असेल तर "आजपासून हे घर तुझे" एवढे म्हणून भागत नाही, कारण शंभर रुपयांवरची स्थावर मालमत्ता मेहेरच्या देण्यापोटी तोंडी देता येत नाही, नोंदणीकृत दस्तच लागतो. असा दस्त हातात असलेल्या विधवेसमोर मय्यतीच्या दिवशी माफीचा प्रश्न येतच नाही, आणि नंतर आलेल्या सावकारालाही आधी तिचे गहाण मोकळे करावे लागते.