नाइटनंतर आधी झोप, मग प्रश्नसंच

कोल्हापुरात सीपीआरची नाइट संपवून इंटर्न डॉक्टर बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात : खोली किंवा अभ्यासिका. ‘नीट-पीजी’च्या धाकाने पाय अभ्यासिकेकडे वळतात. माझ्या मते ही चूक आहे. वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. जागरणानंतर वाचलेली पाने डोळ्यांखालून नुसती सरकतात.

त्यापेक्षा दुपारपर्यंत झोपावे. चारच्या सुमारास घड्याळ लावून ४० प्रश्न ४२ मिनिटांत सोडवावेत. परीक्षेत अशाच पाच भागांत २०० प्रश्न येतात. मग चुका तपासाव्यात. उत्तर ठाऊक असूनही प्रश्नातला ‘नाही’ वाचायचा राहिला असेल, तर कमी पडली ती झोप, अभ्यास नव्हे. अशा चुकीला एक गुण कापला जातो, हातचे चारही जातात. नवा विषय मात्र सुटीच्या दिवशीच उघडावा.

अर्थात, हे जमायला ड्युटीचा तक्ता आधी हाती हवा. कोणत्याही रुग्णालयाला महिन्याचा तक्ता आगाऊ लावणे अवघड नाही. आदल्या संध्याकाळी फोनवर कळलेली नाइट कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही.